भाकीत आणि पडताळा



मीराचे प्रशिक्षण संपत आले असून लवकरच प्रत्यक्ष रुग्ण तिच्यासमोर बसणार आहेत, तेव्हा बोधात्मक उपचारपद्धतीतील दोन साधनांविषयी सविस्तर लिहिणे अगत्याचे आहे. एक म्हणजे सॉक्रेटिसाच्या रीतीने विचारलेले प्रश्न आणि दुसरे म्हणजे वर्तनप्रयोग. पाठ्यपुस्तकांत ही साधने निरनिराळ्या प्रकरणांत येतात, त्यामुळे शिकणाऱ्याची अशी समजूत होते की प्रश्न विचारून विचार बदलला की पहिले काम संपले आणि प्रयोग हा त्यानंतर द्यायचा गृहपाठ आहे. वास्तविक प्रश्नांचे खरे काम रुग्णाच्या भीतीला अशा रूपात आणून ठेवणे हे आहे, की ती खोटी ठरण्याची शक्यता निर्माण व्हावी. ते साधले नाही तर पुढचा प्रयोग कितीही धाडसाचा असला तरी त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

फिलाडेल्फियातील मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात ही उपचारपद्धती मांडली, तेव्हा रुग्णाचा विचार चुकीचा आहे असे गृहीत धरून त्याच्याशी वाद घालण्याची त्यांची भूमिका नव्हती. रुग्णाचा विचार हे एक गृहीतक मानावे आणि उपचारक व रुग्ण या दोघांनी मिळून ते पुराव्यावर घासून पाहावे, अशी त्यांची धारणा होती. नैराश्यावरील उपचारांचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या पानापानांत हीच सहकाराची वृत्ती दिसते. पुढे १९९३ साली क्रिस्टीन पॅडेस्की यांनी एका व्याख्यानात उपचारकांपुढे थेट प्रश्न ठेवला, की हे सारे प्रश्न रुग्णाचे मत बदलण्यासाठी विचारायचे, की त्याला स्वतःला काही शोधता यावे म्हणून? त्यांनी सांगितलेला क्रम आजही उपयोगी आहे: माहिती देणारे प्रश्न विचारणे, उत्तरे लक्षपूर्वक ऐकणे, ऐकलेल्याचा गोषवारा रुग्णापुढे मांडणे, आणि शेवटी त्या माहितीचा मूळ विचाराशी मेळ कसा बसतो हे रुग्णालाच विचारणे. नवे उपचारक पहिल्या पायरीवरून एकदम चौथीवर उडी मारतात, आणि मधला गोषवारा वगळल्यामुळे प्रश्नांना उलटतपासणीचे रूप येते.

हे एका कल्पित, परंतु दवाखान्यात वारंवार भेटणाऱ्या उदाहरणावरून पाहावे. अमोल हा सव्वीस वर्षांचा तरुण लातूरहून पुण्यात एका कंपनीच्या लेखा विभागात रुजू झालेला आहे. सहा महिने झाले तरी तो दुपारचा डबा आपल्याच टेबलावर एकटा खातो, कारण सहकाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसलो तर कोणी जवळ करणार नाही, अशी त्याची खात्री आहे. येथे शिकाऊ उपचारकाच्या तोंडी सहज येणारा प्रश्न असा असतो: "पण सगळीच माणसं तशी नसतात ना?" या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते, ते रुग्णाच्या लक्षात येते, आणि तो मान डोलावतो किंवा हट्टाला पेटतो, दोन्ही प्रसंगी भीती होती तिथेच राहते. उपचारकाला ज्याचे उत्तर खरोखरच ठाऊक नाही, असा प्रश्न विचारला की संभाषण निराळ्या वाटेने जाते.

"जवळ करणार नाहीत म्हणजे नेमकं काय होईल?"

"गप्प होतील सगळे."

"किती वेळ?"

"मी उठेपर्यंत."

"आणि ते उठून गेले तर?"

"तर कळेलच की, मी नकोय त्यांना."

"तुमच्याशी कोणी काही बोललं तर?"

"बोलणारच नाही कोणी. बोललं तरी एखादा शब्द, औपचारिकता म्हणून."

या चार प्रश्नोत्तरांत पुष्कळ काम झाले आहे. 'जवळ करणार नाहीत' हे मुळात तपासता न येणारे विधान होते, कारण दुसऱ्याच्या मनात काय आहे ते कोणालाच दिसत नाही; आता मात्र डोळ्यांनी दिसेल आणि कानांनी ऐकू येईल असे भाकीत हाती आले. शेवटच्या उत्तराने आणखी एक गोष्ट उघड केली: अनुकूल पुरावा आला तरी तो बाद करण्याची तजवीज अमोलने आधीच करून ठेवली आहे. म्हणून उपचारकाने तेथेच थांबून विचारावे, की औपचारिकता म्हणून बोलणे आणि आपणहून बोलणे यांतला फरक कशावरून ओळखता येईल? अमोलने विचार करून सांगितले, की कोणी त्याला उलट प्रश्न विचारला, किंवा त्याने उत्तर दिल्यावर त्याच विषयावर पुढे बोलले, तर ते केवळ औपचारिकतेपुरते नव्हे. ही कसोटी प्रयोगाच्या आधी आणि रुग्णाच्याच तोंडून ठरली पाहिजे, कारण नंतर ठरवलेली कसोटी भीतीच्या सोयीने ठरते.

यानंतर प्रयोगाचा तक्ता भरायचा. त्यात प्रसंग, भाकीत, त्यावरचा विश्वास शंभरपैकी किती, पर्यायी भाकीत, काय पाहायचे, प्रत्यक्ष काय घडले आणि त्यावरून काय शिकलो, असे रकाने असतात. अमोलचे भाकीत असे लिहिले गेले: 'टेबलावर बसल्यावर सगळे गप्प होतील, पहिल्या दहा मिनिटांत कोणीही मला प्रश्न विचारणार नाही.' त्यावर त्याचा विश्वास ८५ टक्के होता. पर्यायी भाकीतही त्यानेच सुचवले, की क्षणभर बोलणे थांबेल आणि मग पूर्वीचा विषय पुढे चालू राहील.

एवढ्यावर त्याला पाठवले तर प्रयोग फसण्याचा संभव मोठा आहे, आणि त्याचे कारण सुरक्षा-वर्तने हे होय. भीतीदायक परिणाम टळावा म्हणून माणूस जे लहानसहान बचाव करतो, त्यांना हे नाव आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली सामाजिक भीतीचे जे प्रारूप मांडले, त्यात या बचावांना आणि स्वतःकडेच वळलेल्या लक्षाला मध्यवर्ती स्थान आहे. अमोलला विचारल्यावर कळले, की चारचौघांत बसावे लागले तर तो मोबाइलमध्ये डोके घालतो, बोलायचे वाक्य आधी मनात जुळवतो, घास भराभर संपवतो आणि आपला चेहरा कसा दिसत असेल याचीच काळजी करतो. या बचावांचे नुकसान दुहेरी आहे. प्रसंग निभावला तरी त्याचे श्रेय बचावांना जाते आणि भीती जशीच्या तशी राहते; शिवाय मोबाइलमध्ये गुंतलेल्या माणसाशी कोणी बोलायला जात नाही, म्हणजे ज्या दुराव्याची भीती, तो दुरावा बचावच ओढवून आणतो. म्हणून प्रयोग दोन रीतींनी करायचे ठरले: सोमवारी नेहमीच्या बचावांसह बसायचे, आणि मंगळवारी मोबाइल खिशात ठेवून, वाक्ये न जुळवता, लक्ष समोरच्यांच्या बोलण्याकडे देऊन बसायचे.

सोमवारी टेबलावर क्षणभर शांतता झाली, एकाने सरकून जागा दिली आणि पुढे दहा मिनिटांत अमोलशी कोणीही बोलले नाही. मंगळवारी एका सहकाऱ्याने त्याच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीविषयी विचारले, ती लातूरची का असा पुढचा प्रश्न केला आणि बोलणे गावाकडच्या जेवणावर गेले. परंतु पाच मिनिटांनी दोघे जण उठून गेले. पुढच्या भेटीत अमोलने सांगण्याची सुरुवात त्या उठून जाण्यापासून केली. येथे उपचारकाने दिलासा देण्याची घाई करू नये. त्याने तक्ता दोघांच्या मध्ये ठेवावा, ठरलेल्या कसोटीनुसार काय घडले ते क्रमाने वाचून दाखवावे, आणि मग विचारावे: ते दोघे उठले तेव्हा त्यांचे डबे रिकामे होते की भरलेले? इतर दिवशी ते किती वाजता उठतात? त्यातल्या एका प्रश्नाचे उत्तर अमोलला माहीत नव्हते, आणि म्हणून तोच पुढच्या आठवड्याचा प्रयोग ठरला, की आपण टेबलावर नसताना ते दोघे केव्हा उठतात ते लांबून पाहायचे. ते रोज पावणेदोनला उठत असल्याचे आढळले. भाकितावरचा विश्वास ४० टक्क्यांवर आला. तो शून्यावर आला नाही याची खंत उपचारकाने बाळगू नये. एका आठवड्यात एकदम शून्य सांगणारा रुग्ण बहुधा उपचारकाचे मन राखत असतो.

भाकीत खरेच ठरले तर काय, हा प्रश्न प्रत्येक शिकाऊ उपचारक विचारतो, आणि तो योग्यच आहे. अल्बर्ट एलिस, ज्यांची विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित झाली, ते आपल्या तरुणपणाची हकीकत सांगत: एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभराहून अधिक अनोळखी स्त्रियांशी त्यांनी महिनाभरात बोलण्याचा प्रयत्न केला, त्यांतल्या एकीनेच भेटायचे कबूल केले, आणि तीही आली नाही. नकाराचे भाकीत जवळजवळ पूर्ण खरे ठरले, पण नकारामुळे काही भयंकर घडेल हे भाकीत मात्र साफ खोटे ठरले आणि त्यांची भीती गेली. यावरून तक्त्यात नेहमी दोन भाकिते लिहावीत, हे उघड होते: लोक काय करतील हे एक, आणि त्यांनी तसे केले तर त्यानंतर आपले काय होईल, किती वेळ वाईट वाटेल, दुपारचे काम जमेल की नाही, हे दुसरे. दुसरे भाकीत लिहिलेले असले की पहिले खरे ठरूनही प्रयोग वाया जात नाही.

मात्र या साधनाची मर्यादा ओळखली पाहिजे. जात, भाषा किंवा रूप यांवरून एखाद्याला खरोखरच वगळले जात असेल, किंवा कार्यालयात त्याचा छळ होत असेल, तर त्याची भीती हे विचारातील दोष नव्हे. तेथे प्रयोगाने वस्तुस्थिती उघड होते आणि त्यापुढचे काम तक्रार, आधार किंवा जागाबदल यांचे असते. तसेच ज्या रुग्णाचे नैराश्य तीव्र आहे किंवा ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत, त्याला नकाराच्या तोंडी देणारा प्रयोग लगेच सुचवू नये. आधी त्याची सुरक्षितता पाहावी आणि ज्येष्ठ उपचारकाचा सल्ला घ्यावा.

रुग्णाला तक्ता देण्याआधी मीराने एक प्रयोग स्वतःवर करावा. वर्गात शंका विचारायला हात वर करणे, अनोळखी व्यक्तीशी बसमध्ये बोलणे, असे ज्याने छातीत थोडे धडधडते ते निवडावे, दोन्ही भाकिते आणि त्यांवरचा विश्वास आधी शाईने लिहावा, आपले बचाव शोधून ते सोडावेत, आणि भरलेला तक्ता पुढच्या भेटीला बरोबर आणावा.