चुन्याच्या डबीतलं औषध

गुऱ्हाळावर रात्रपाळी असली की दीड-दोनच्या सुमाराला माझ्या छातीत जळायला लागायचं. समोर काहिलीत रस उकळत असायचा, चुलवाणाची धग अंगावर यायची आणि आतून आंबट पाणी घशाशी चढायचं. मी चिमूटभर तंबाखू तळहातावर घ्यायचो, चुना लावून मळायचो आणि खालच्या ओठात बार भरायचो. दोन-तीन मिनिटांत जळजळ बसायची. खरोखर बसायची, त्यात भास नव्हता. म्हणूनच तीस वर्षं मी तंबाखूला पित्तावरचं औषध समजत आलो.

खुटबाव, राहू, केडगाव या आमच्या पट्ट्यात कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि उसाबरोबर गुऱ्हाळं आली. हंगामात गुऱ्हाळाचं चुलवाण दिवसरात्र पेटलेलं असतं. तिथे तंबाखूची पुडी मागायला लाज वाटत नाही, मिठासारखी ती हातोहात फिरते. माझा नेम ठरलेला होता. पहाटे उठल्यावर एक बार, कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही अशी खात्री होती. जेवणावर पान किंवा मावा, कारण त्याने अन्न जिरतं. रात्री जळजळीवर पुन्हा तंबाखू आणि जागं राहायला चार-पाच बिड्या. पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर माझ्याकडे उपाय होता आणि तो सगळा एकाच चुन्याच्या डबीत होता.

2018च्या हंगामात कंबर धरली म्हणून मी आठ-दहा दिवस दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या घेतल्या, त्याही उपाशीपोटी चहाबरोबर. मग एका सकाळी शौचाला काळंकुट्ट झालं, डांबरासारखं चिकट आणि विलक्षण घाण वासाचं. मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मोळी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसलो. मंडळींनी पोराला बोलावलं आणि मला पुण्याला नेलं. हिमोग्लोबिन साडेसातच्या आत होतं. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासलं. लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होता, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चट्टे होते. अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासला, त्यात जंतूही सापडला.

हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या दोघांनी 1982 साली तो पोटात शोधला आणि 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो असंच सगळे धरून चालत. हे ऐकल्यावर मला हायसं वाटलं होतं. म्हटलं, दोष जंतूचा आणि गोळ्यांचा, तंबाखू सुटली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते लगेच ओळखलं.

“काका, जंतू आपल्याकडे निम्म्या गावाच्या पोटात सापडेल,” त्या म्हणाल्या. “अल्सर सगळ्यांना होतो का? जखम कुठे होते आणि झालेली कुठे भरत नाही, ते बघा.”

मग त्यांनी मला रात्रीच्या त्या जळजळीचा हिशोब समजावला. तोंडात तंबाखू-चुना धरला की लाळ सुटते. लाळेत आम्ल मारण्याचा गुण असतो, चुनाही आम्लाच्या उलट. तो घोट खाली गेला की अन्ननलिकेतलं आम्ल थोडं बोथट होतं आणि माणसाला आराम पडतो. पण तोच चुना निकोटीनला तोंडाच्या अस्तरातून भराभर रक्तात उतरवतो. रक्तात गेलेलं निकोटीन अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप ढिली करतं. ही झडप घट्ट मिटलेली राहिली तर आम्ल वर येत नाही. म्हणजे पाच मिनिटांच्या आरामासाठी मी पुढच्या तासाचं दार उघडून ठेवत होतो. पुन्हा जळायचं आणि पुन्हा बार भरायचा.

बिडीचं काम वेगळं, पण दिशा तीच. विडीकाडी ओढणाऱ्याची लाळ आम्ल मारायला कमी पडते, त्यामुळे वर आलेलं आम्ल जास्त वेळ तिथेच राहतं. जठराच्या आतल्या बाजूला जो चिकट संरक्षक थर असतो तो धुरामुळे पातळ पडतो, तिथला रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरायला जे लागतं तेच पोचत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे अल्सर सावकाश भरतात, पुन्हा उलटतात आणि जंतूवरचं औषधही त्यांच्यात जास्त वेळा वाया जातं. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. हा पुरावा धुराबद्दल भरभक्कम आहे, चघळायच्या तंबाखूबद्दल अभ्यास त्या मानाने कमी झाले आहेत. पण निकोटीन दोन्हींत एकच. सुपारीचं म्हणाल तर तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. त्यामुळे ‘साधं पान’ ही पळवाट धरू नये.

मी वेगळीच पळवाट धरली. चौदा दिवसांचा गोळ्यांचा कोर्स केला, बिडी बंद केली असं घरी सांगितलं आणि ‘फक्त जेवणानंतर’ म्हणत तंबाखू चालू ठेवली. गुऱ्हाळावर गेलो की बिडीही व्हायची. दोन महिन्यांनी फेरतपासणी झाली. जंतू तसाच आणि अल्सर अर्धाच भरलेला. पहिल्या वेळची प्रतिजैविकं आता उपयोगाची नव्हती, दुसरी द्यावी लागली. ती जास्त महाग होती आणि तोंडाला कडूजहर चव आणणारी होती. एखाद-दुसऱ्याने काय होतंय, याचा जबाब मला असा कागदावर मिळाला.

त्या दिवशी खुटबाव स्टेशनवर पॅसेंजरमधून उतरलो आणि फलाटावरच पुडी टाकली. पुढचं मात्र मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

पहिले तीन-चार दिवस चिडचिड आणि झोप नाही, हे अपेक्षित होतं. पोटाचं अपेक्षित नव्हतं. पाचव्या दिवसापासून पोट गच्च झालं. निकोटीन मोठ्या आतड्याला ढकलत असतं. तीस वर्षं रोज सकाळी त्याच्या धक्क्याची सवय लागलेलं आतडं आता स्वतःहून हलेना. गॅस धरला, पोट फुगलं आणि त्या दाबाने करपट ढेकरा वाढल्या. तोंड आलं, मिरचीचं कालवण लागेना. मला प्रामाणिकपणे वाटलं की तंबाखू सोडल्यानेच पोट बिघडलं. आमच्या भागात सोडलेली तंबाखू पुन्हा धरणारे बहुतेक जण मी याच दिवसांत धरताना पाहिले आहेत, आणि तोंडात हेच वाक्य.

मी टिकलो ते मंडळींमुळे. रात्री तांब्याभर पाण्याजवळ इसबगोल ठेवलेलं असायचं. दोन चमचे पेलाभर पाण्यात घालून फुगायच्या आत पिऊन टाकायचं आणि वर आणखी पाणी प्यायचं. पाणी कमी पडलं तर तेच इसबगोल पोट जास्त बांधतं. सकाळी बार भरायच्या वेळेला कोमट पाणी आणि कालव्यापर्यंत चालणं. तिसऱ्या आठवड्यात आतडं आपलं आपण चालू लागलं. तोंडही तेव्हाच बरं झालं.

जळजळीचं उतरणं मात्र सरळ नव्हतं. साधारण महिन्याने रात्रीचं घशाशी येणं बंद झालं. याला आम्ल कमी करणाऱ्या गोळीचाही हातभार होता, कारण ती आता मी सकाळी चहाच्या अर्धा तास आधी घेत होतो. आधी चहा-तंबाखू झाल्यावर घ्यायचो, त्यात गोळीचा गुण कमी व्हायचा. दुसऱ्या कोर्सनंतर दोन महिन्यांनी तपासलं तर जंतू गेलेला होता आणि अल्सरच्या जागी फक्त वण. पण चौथ्या महिन्यात जळजळ परत आली! कारण शोधायला काट्यावर उभा राहिलो, तर वजन सहा किलोने वाढलेलं. चव परतली होती, भूक परतली होती आणि तोंड रिकामं राहवत नाही म्हणून मी दिवसभर फरसाण खात होतो. नॉर्वेमधल्या एका मोठ्या पाहणीतही असंच दिसलं. धूम्रपान सोडून जळजळीत मोठा फरक पडला तो वजन आटोक्यात असलेल्या आणि औषध नियमित घेणाऱ्या लोकांना. वजन जास्त असलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. तेव्हा फरसाणाच्या जागी बडीशेप आली, रात्रीचं जेवण साडेसातला आलं आणि बाजेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आल्या. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने माणूस पोटात दुमडतो आणि आम्ल उलट वर दाबलं जातं.

निकोटीनची गोळी चघळून सोडणाऱ्यांनी एक सांभाळावं. ती च्युइंगगमसारखी सारखी चावली आणि लाळ गिळली की उचकी लागते, छाती जळते. दोन-चार वेळा चावून गालात धरायची, चव गेली की पुन्हा चावायची. चहानंतर पंधरा मिनिटं ती तोंडात घालू नये. सल्ला हवा असेल तर सरकारचा 1800-11-2356 हा मोफत नंबर आहे.

आयाबायांसाठीही हे सांगणं आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. माझी चुलती ‘पित्ताने डोकं उठतं’ म्हणून दिवसातून चार वेळा मिसरी लावायची आणि लाळ गिळायची. मिसरीबद्दल तिला कुणी कधी विचारलंच नाही.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, घास अडकू लागला किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, पण ते चिकट नसतं आणि त्याला तो वास नसतो. आणि तंबाखू खाणाऱ्याच्या छातीतली प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. घाम फुटला, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे सरकलं, तर सोडा पीत थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

माझ्या जळजळीचं म्हणाल तर ती पार गेलेली नाही. रात्री उशिरा मटण झालं की ती येते. पण महिन्यातून एखाद्या वेळी, आणि डाव्या कुशीवर झोपलो की उतरते. रोजची गोळी डॉक्टरांना विचारून बंद झाली.

गेल्या आठवड्यात गुऱ्हाळावरचा एक पोरगा घरी आला. “तात्या, सोडली, पण पोट दगड झालंय. एक चिमूट घेतली तर मोकळं होईल का?” किती दिवस झाले, विचारलं. अकरा म्हणाला. त्याला बसवलं, मंडळींनी इसबगोलचा डबा दिला आणि मी कॅलेंडरवर त्याचा एकविसावा दिवस दाखवला. काल संध्याकाळी तो पुन्हा येऊन गेला. पोट अजून पुरतं मोकळं नाही, पण पुडी घेतलेली नाही.