खालच्या टोकाची भिंत आधी मोजा

वाळूच्या पायावर बंधारा बांधला की फरशीखालून पाणी झिरपणारच. पाहायचं ते एवढंच, की बाहेर पडताना ते वाळू सोबत नेतं का.

बारीक वाळूच्या पात्रातला एक छोटा बंधारा पाहायला मला बोलावलं होतं. वर ३ मीटर पाणी, खाली पात्र कोरडं. नकाशात १२ मीटर फरशी आणि तिच्या खालच्या टोकाला ४ मीटर खोल कटऑफ भिंत होती. खड्ड्यातलं पाणी उपसून संपेना, म्हणून भिंत २ मीटरवरच थांबवली आणि बदल्यात फरशी वरच्या अंगाला ४ मीटर वाढवली. ब्लायच्या जुन्या हिशेबात पाण्याची वाट दोन्हीकडे २० मीटरच भरते, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पाणी अडवल्यावर फरशीच्या टोकापुढे वाळूचे छोटे शंकू उठले. प्रत्येकाच्या तोंडातून गढूळ पाणी येत होतं. स्वच्छ पाणी आलं असतं तर नुसती नोंद ठेवली असती. गढूळ म्हणजे पायातली वाळू चालली आहे.

खोसला आणि सहकाऱ्यांनी १९३६ साली दाखवून दिलं, की बाहेर पडतानाचा उतार, म्हणजे एक्झिट ग्रेडियंट, मुख्यतः खालच्या भिंतीच्या खोलीवर ठरतो. त्यांच्या सूत्राने मूळ नकाशात तो १/६ येतो. बारीक वाळूला साधारण १/६ ते १/७ चालतो. बांधलेल्या बंधाऱ्यात मात्र तो १/४.५ निघाला. वाढवलेल्या फरशीने फारसं काही साधलं नव्हतं.

अशा वेळी झरा माती टाकून बुजवू नका. पाणी शेजारून फुटतं. आम्ही आधी बर्गे काढून पातळी उतरवली. मग शंकूंवर जाड वाळू, त्यावर खडी, त्यावर दगड असा थर दिला. पाणी निघत राहिलं, वाळू थांबली.

कायमचा उपाय म्हणून टोकाला ४ मीटर खोल शीट पाइल ठोकून फरशीशी काँक्रीटने सांधायचे ठरले. उतार १/६.७ वर येत होता. पण खालची भिंत खोल केली की पाणी फरशीखाली तुंबतं आणि तिला वर उचलणारा दाब वाढतो. टोकाजवळ हा दाब ०.९३ मीटर पाण्याइतका होता, तो १.२९ मीटर होणार होता. काँक्रीटचं पाण्यातलं वजन धरून याला १.२४ने भागलं की लागणारी जाडी मिळते: आधी ०.७५ मीटर, आता १.०४. फरशी होती ०.९ मीटर. म्हणून आधी जाडी वाढवली, मगच पाणी अडवलं. नवं काम असेल तर वरच्या टोकालाही कटऑफ द्या. त्याने हा दाब उतरतो.

भिंत एकदा काँक्रीटखाली गेली की दिसत नाही. तिची खोली फरशी ओतण्याआधी स्वतः मोजा आणि मापवहीत लिहा. कमी भरली तर उतार आणि जाडी दोन्ही नव्याने काढा; फरशीच्या लांबीवर भागवू नका.