बाण कुठे गेला?

जोह्याला आमच्या काकांचा गणपतीचा कारखाना आहे. ऑर्डरी वहीत लिहितात. सुट्टीत मी त्यांना लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये तक्ता करून दिला आणि तो कसा भरायचा याची फिल्म रेकॉर्ड करून पाठवली. रात्री फोन! "अगं, बाकीचा अख्खा रकाना आपोआप कसा भरला? आणि तुझा तो बाण कुठे गेला?"

मी पहिल्या ओळीत सूत्र लिहून, तिथपासून खालपर्यंत रकाना निवडून Ctrl+D दाबलं होतं. माझी बोटं फिल्ममध्ये थोडीच दिसणार! आणि मोबाईलवर पांढऱ्या तक्त्यावरचा पांढरा बाण शोधायचा कोणी?

मग पॉवरटॉइजमधला माऊस हायलायटर Win+Shift+H ने चालू केला. क्लिकला पिवळं वर्तुळ येतं, उजव्या क्लिकला निळं. कळांसाठी कार्नॅक लावलं. दाबलेली कळ स्क्रीनवर उमटते. पुन्हा रेकॉर्ड केलं, तर फिल्ममध्ये दोन्ही गायब! मला मात्र समोर सगळं दिसत होतं.

घोळ ओबीएसमध्ये होता. मी Window Capture निवडलं होतं, ते फक्त कॅल्कची खिडकी उचलतं. वर्तुळ आणि कळा या त्यावर तरंगणाऱ्या वेगळ्या खिडक्या. म्हणून Display Capture हवं. दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून बघितलं की लगेच कळतं.

एक सांभाळा: कार्नॅक पासवर्डसुद्धा उमटवतं. तो टाईप करण्याआधी Ctrl+Alt+P दाबून त्याला गप्प करा, नंतर तेच दाबून परत चालू करा.

तिसरी फिल्म बघून काकांचा प्रश्न, "Ctrl म्हणजे कुठली गं?"