नातवाला झोपेची गोळी द्यावी का?

प्रश्न : मुलगी जुलैत न्यू जर्सीहून मुलुंडला आली आहे. सहा वर्षांचा नातू रात्री दोनला टक्क जागा असतो. तिने मेलाटोनिनच्या गमीज आणल्यात. द्याव्यात का?

उत्तर : आजी, आपल्या रात्रीच्या नऊला न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा असतात. नातवाचं शरीर अजून त्याच घड्याळावर चालतंय. ते साधारण दिवसाला तासभर सरकतं, त्यामुळे आठ-दहा दिवस लागणारच. एवढ्यासाठी निरोगी मुलाला मेलाटोनिन देऊ नये. दुपारी तासाभरातच उठवा, भरपूर उजेडात खेळू द्या, जेवण इथल्या वेळेला द्या. रात्री जाग आली तर दिवा मंद ठेवा, मोबाइल नको.

गमीजची मला खरी काळजी वाटते. 2023 मध्ये अमेरिकेत 25 ब्रँड तपासले, तेव्हा 22 मध्ये लेबलपेक्षा वेगळी मात्रा निघाली. एकात तर साडेतीनपट! बाटली कपाटात कुलपात ठेवा, मुलं गोळ्या-चॉकलेट समजून खातात. स्वमग्नता असलेल्या मुलांना बालरोगतज्ज्ञ मेलाटोनिन देतात, पण मात्रा आणि वेळ तेच ठरवतात.

मुलीला स्वतःसाठी हवं असल्यास डॉक्टरांना विचारून अर्धा मिलिग्रॅम, इथल्या झोपण्याच्या वेळी, काही रात्रीच. पाच मिलिग्रॅमने गुंगी थोडी जास्त येते, घड्याळ मात्र फारसं लवकर सरकत नाही. भलत्या वेळी, दिवसा घेतलं तर पेंग येते आणि जुळवून घ्यायला उलट उशीर होतो.