कष्टाळू सहकाऱ्याचे शिफारसपत्र : विशेषणाकडून पुराव्याकडे

तालुक्याच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागात चार वर्षे सेवा झालेल्या एक कनिष्ठ अभियंता परदेशी विद्यापीठातील जलव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करीत आहेत, असे समजू. विद्यापीठाने दोन शिफारसपत्रे मागितली आहेत. एक महाविद्यालयातील अध्यापकाचे व दुसरे कार्यालयातील वरिष्ठाचे. उपअभियंत्यांना या सहकाऱ्याविषयी मनापासून आदर आहे. ते तत्परतेने लिहून देतात : "अर्जदार अत्यंत मेहनती, प्रामाणिक व आज्ञाधारक आहेत. नेमून दिलेली कामे त्या वेळेवर पूर्ण करतात. त्यांची वर्तणूक उत्तम आहे. त्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा." या मजकुरात असत्य काहीही नाही. तथापि अर्जदाराच्या पदरी त्यातून जवळजवळ काहीच पडत नाही. असे का व्हावे, आणि तेच पत्र सत्याला धरून उपयुक्त कसे करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

वाचणाऱ्याचा प्रश्न

आपल्या कार्यालयांना तीन प्रकारच्या लेखनाची सवय आहे. चारित्र्याचा दाखला मनुष्य सद्वर्तनी असल्याचे सांगतो. अनुभव प्रमाणपत्र त्याने अमुक काळ अमुक पदावर काम केल्याचे सांगते. वार्षिक गोपनीय अहवाल त्याने पदाची कर्तव्ये कशी पार पाडली, याची प्रतवारी लावतो. शिफारसपत्राचे काम या तिहींपेक्षा निराळे आहे. प्रवेश समितीपुढे गुणपत्रिका असतेच, सेवेचा दाखलाही असतो. तिला जाणून घ्यावयाचे असते ते एवढेच की, हा उमेदवार अपरिचित प्रश्नाला कसा सामोरा जातो, स्वतः विचार करतो काय, आणि वर्ष-दोन वर्षांच्या अभ्यासात प्रबंध लिहिण्याइतकी त्याची तयारी आहे काय. याचे उत्तर गुणपत्रिकेत नसते. ते ज्याने उमेदवाराचे काम जवळून पाहिले त्याच्याजवळ असते.

म्हणूनच पत्र कोणी लिहावे, या प्रश्नाचा निर्णय पदाच्या उंचीवरून करू नये. मोठ्या अधिकाऱ्याची सही असावी, असे अर्जदारास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या अधिकाऱ्याने अर्जदारास वर्षातून दोनदा बैठकीत पाहिले, त्याच्या लेखणीतून सामान्य गोष्टींपलीकडे काही उतरणे शक्य नाही. ज्या उपअभियंत्याने तिची मोजमाप पुस्तिका तपासली आणि तिच्या टिपणीवर शेरे मारले, त्याचे पत्र पदाने लहान असूनही वजनाने मोठे ठरते.

'मेहनती' या शब्दाची अडचण

कष्टाळूपणा हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु शिफारसपत्रात हा शब्द एकटा आला म्हणजे त्यातून नकळत दुसराच अर्थ निघतो. बुद्धीविषयी सांगण्यासारखे काही नसल्यामुळे लेखकाने श्रमाचे कौतुक केले, असे वाचणारा समजतो. अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास फ्रान्सिस ट्रिक्स व कॅरोलिन सेन्का यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रे सरासरीने आखूड होती, आणि त्यांत कष्ट व चिकाटी दर्शविणारे शब्द अधिक वेळा येत होते, असे त्यांना आढळले. लिहिणाऱ्यांच्या मनात कोणताही दुष्ट हेतू असण्याची आवश्यकता नसते. शब्दांची सवयच हे काम करून जाते.

'आज्ञाधारक' हा शब्द तर अधिकच घातक होय. शिस्तीच्या दृष्टीने तो भूषण असेल. पण जेथे विद्यार्थ्याने गुरुजनांच्या मतावरही प्रश्न विचारावा अशी अपेक्षा असते, तेथे हा शब्द उणीव म्हणून वाचला जातो.

यावर उपाय म्हणून 'मेहनती'च्या जागी 'प्रतिभावान' हा शब्द घालणे उपयोगाचे नाही. विशेषण बदलल्याने पुरावा तयार होत नाही. लेखकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही व्यक्ती कष्टाळू आहे, असे मला कोणत्या प्रसंगी वाटले? त्या प्रसंगात शिरले की श्रमाबरोबर विचारही दिसू लागतो.

एक प्रसंग, तपशिलासह

आपल्या उदाहरणातील उपअभियंत्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा त्यांना एका गावाची नळयोजना आठवली. गावाची लोकसंख्या २,४००. दरडोई ५५ लिटर या मानाने रोज १,३२,००० लिटर पाणी हवे, आणि टाकीतून प्रत्यक्षात सुमारे १,४०,००० लिटर सुटत होते. कागदावर योजना पुरेशी होती. तरीही शेवटच्या टोकाला असलेल्या ३१० लोकवस्तीच्या वाडीची तक्रार वर्षानुवर्षे येत होती. नळ फुटला असेल असे गृहीत धरून पूर्वी दोनदा खोदाई झाली होती. हाती काही लागले नव्हते.

कनिष्ठ अभियंत्यांनी खोदाईचा तिसरा प्रस्ताव केला नाही. २० लिटरचा डबा व घड्याळ घेऊन त्यांनी १२ दिवस वाडीतील नळांवर मोजणी केली. वाडीला दिवसाकाठी सरासरी ६,२०० लिटर, म्हणजे दरडोई २० लिटर पाणी मिळत असल्याचे दिसून आले. त्यानंतर गळतीची शंका तपासण्यासाठी त्यांनी एके रात्री उपनळांच्या सर्व झडपा बंद करून मुख्य नळ मात्र भरलेला ठेवला. ५ मीटर व्यासाच्या टाकीतील पातळी ४ तासांत जेमतेम १ सेंटिमीटर उतरली. म्हणजे सुमारे २०० लिटर. मुख्य नळ फुटलेला नव्हता. दोष वाटपात होता. सर्व भागांना एकाच वेळी पाणी सुटत असल्यामुळे उताराकडील आळ्या ते ओढून घेत, आणि चढावरच्या वाडीपर्यंत दाब पोहोचत नसे.

त्यांनी ग्रामपंचायतीस वाडीसाठी स्वतंत्र पाळी सुचविली आणि सरपंच व पाणी सोडणारा कर्मचारी यांच्यासमोर मोजणीचे आकडे मांडले. पाळी सुरू झाल्यावर वाडीचा पुरवठा १५,८०० लिटरवर, म्हणजे दरडोई ५१ लिटरच्या आसपास गेला. एप्रिलमध्ये विहिरीचे पाणी उतरताच तो पुन्हा ४० लिटरवर आला. उद्भवच आटल्यास पाळी बदलून उपयोग होणार नाही, हे त्यांनी आपल्या टिपणीत आपण होऊन नमूद केले होते.

पत्राचा गाभा

आता हेच पत्रात उतरवू :

"अर्जदार माझ्या हाताखाली चार वर्षे काम करीत असून त्यांची मोजमापे व टिपण्या मी स्वतः तपासतो. एका गावातील वाडीस पाणी न मिळण्याचे कारण गळती हेच आहे, असे आम्ही सर्वजण, मीही, मानीत होतो. त्यांनी १२ दिवस प्रत्यक्ष मोजणी केली, रात्रीची एक साधी चाचणी योजून गळतीची शक्यता बाजूला सारली, आणि दोष वाटपाच्या पद्धतीत असल्याचे दाखवून दिले. पाळी बदलल्यावर वाडीचा पुरवठा दरडोई २० लिटरवरून सुमारे ५१ लिटरवर गेला. उन्हाळ्यात तो पुन्हा घटेल, हे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. आपल्या उपायाची मर्यादा स्वतः सांगणारा सहकारी मला क्वचितच भेटला आहे. गेल्या नऊ वर्षांत मी ११ कनिष्ठ अभियंत्यांचे काम पाहिले. मोजमापावरून निष्कर्ष काढण्याच्या बाबतीत त्या पहिल्या दोघांत आहेत. त्यांच्या टिपणीचा पहिला मसुदा विस्कळीत असतो. सूचना दिल्यावर दुसरा नेटका होतो. त्यांच्या महाविद्यालयीन अभ्यासाविषयी मला प्रत्यक्ष माहिती नाही; त्याविषयी त्यांचे अध्यापक सांगतील."

या परिच्छेदात 'मेहनती' हा शब्द कोठेही नाही. परंतु १२ दिवसांच्या मोजणीत मेहनत दिसते, आणि रात्रीच्या चाचणीत बुद्धी दिसते. वरिष्ठाने स्वतःचीही समजूत चुकीची होती, असे मान्य केल्यामुळे प्रशंसेला विश्वासार्हता आली आहे.

तुलना व उणीव

अनेक विद्यापीठांच्या छापील नमुन्यात उमेदवार पहिल्या पाच टक्क्यांत आहे की दहा टक्क्यांत, अशी विचारणा असते. चौकटीत खूण करणे सोपे असते. पण ज्याने आयुष्यात ११ कनिष्ठ पाहिले, त्याच्या 'पहिल्या पाच टक्क्यां'ना अर्थ उरत नाही. म्हणून किती जणांशी तुलना केली व कोणत्या बाबतीत, हे पत्रात स्पष्ट लिहावे. सर्वच चौकटींत सर्वोच्च खूण केलेली दिसली, की वाचणारा सगळ्याच खुणांवर अविश्वास दाखवितो.

उणीव लिहिताना दोन कसोट्या लावाव्या. ती खरी असावी, आणि ती सुधारत असल्याचे आपण पाहिलेले असावे. 'त्या गरजेपेक्षा जास्त काम करतात' अशी प्रशंसेच्या वेषातील उणीव कोणालाही फसवीत नाही. उलट गंभीर दोष असेल आणि तो झाकूनच पत्र लिहिता येत असेल, तर अर्जदारास वेळीच नम्रपणे नकार द्यावा. कोमट पत्रापेक्षा नकार अधिक उपकारक ठरतो, कारण अर्जदारास दुसरा शिफारसकर्ता शोधता येतो.

कोठे चुकते

सर्वांत रूढ चूक म्हणजे "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो" ही होय. तीत कामाचा व्याप असतो, दुर्लक्ष असतेच असे नाही. पण परिणाम वाईट होतो. अर्जदाराचे स्वतःचे निवेदन व हे पत्र यांत तीच वाक्यरचना, तेच शब्द उमटतात, आणि दोन्ही एकत्र वाचणाऱ्यास ते लगेच कळते. शिवाय अर्जदार स्वतःविषयी तुलनेचे वाक्य लिहूच शकत नाही. पत्रातील सर्वांत मोलाचा भाग त्यामुळे वगळला जातो. अर्जदाराकडून मसुदा न घेता साहित्य घ्यावे : अभ्यासक्रमाची माहिती, तिचे निवेदन, तिने केलेल्या दोन-तीन कामांची टिपणे व अंतिम दिनांक. यासाठी किमान तीन आठवडे हाताशी असावेत.

दुसरी चूक विषयांतराची. अध्ययन रजा मंजूर होईल, परतल्यावर अमुक पद मिळेल, अशी आश्वासने शिफारसपत्रात घालू नयेत. रजेचा निर्णय महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांना अनुसरून सक्षम प्राधिकारी करतो, आणि ना हरकत प्रमाणपत्राची कार्यवाहीही स्वतंत्र असते. अर्जदाराची जात, कौटुंबिक स्थिती, विवाह किंवा प्रकृती यांचा उल्लेखही सहानुभूतीपोटी करू नये. निवडीचा तो आधार नव्हे.

तिसरी बाब पाठविण्याची. बहुतेक विद्यापीठे आता शिफारसकर्त्यास थेट ई-मेल पाठवून पत्र मागवितात. खाजगी पत्त्यावरून आलेले पत्र काही ठिकाणी तपासणीसाठी अडकते. म्हणून कार्यालयाचा अधिकृत ई-मेल पत्ता अर्जदारास आधीच द्यावा. पत्र एका पानाचे, फार तर दीड पानाचे असावे, आणि त्यावर दिनांक, पदनाम व अर्जदारास किती काळ व कोणत्या नात्याने ओळखतो, हे पहिल्याच परिच्छेदात असावे.

पत्र पाठविण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करून पाहावी. अर्जदाराचे नाव खोडून त्या जागी कार्यालयातील दुसऱ्या कोणाचेही नाव घालावे. पत्र तरीही खरे वाटले, तर ते अजून लिहून झालेले नाही. वाडीतील डबा, घड्याळ आणि त्या रात्रीची टाकीची पातळी हे तपशील दुसऱ्या कोणाच्याही नावावर बसत नाहीत. शिफारस तेथूनच सुरू होते.