*हळद-सोयाबीनची ट्रॉली, मजूर बाया आणि गाडीवरचं तिसरं माणूस*



दर आठवड्याला आपण खत-फवारणीचं बोलतो. आज वाहतुकीचं बोलू. परवा एका सभासदानं विचारलं, "मॅडम, दहा बाया हळद काढायला आणायच्या आहेत, ट्रॅक्टर घरचाच हाय, चालंल ना?" फोनवर पटकन नाही म्हणाले, पण कारण सांगायचं राहिलं. ते आज सगळ्यांसाठी लिहिते.

४ एप्रिल २०२५ ची सकाळ आठवत असेल. वसमत तालुक्यातल्या गुंजच्या मजूर बाया शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यात आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्यानं भरलेल्या विहिरीत गेला. सात बाया गेल्या. आपल्यापासून किती लांब आहे ते? आपल्याकडंही वाट तशीच, ट्रॉली तशीच, आणि बाया बसतात त्याही तशाच, फाळक्याला धरून.

आता कायदा काय म्हणतो ते. ट्रॅक्टरवर सीट एकच, ड्रायव्हरची. तुमच्या आरसीवर आसन क्षमता बघा, बहुतेकांच्या १ लिहिलेली असते. मडगार्डवर बसलेला माणूस त्यात धरलेला नसतो. शेतीची ट्रॉली ही शेतीमाल वाहायला असते, माणसं न्यायला नाही. मग ती घरची असो की भाड्याची, पैसे घेतले असोत की फुकट नेलेलं असो.

खरा फटका दंडाचा नसतो, विम्याचा असतो. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००३ सालीच सांगितलंय. २००७ च्या एका निकालात ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसलेला मजूर जखमी झाला होता. ट्रॅक्टरचा विमा होता, पण शेतीकामापुरता. विमा कंपनी जबाबदार नाही असंच न्यायालयानं धरलं. मजुराच्या हलाखीकडे बघून कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. म्हणजे शेवटी भरायचं मालकानंच. एका माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते. ती ट्रॅक्टर विकून भागंल की जमीन विकून, हा हिशोब घरी बसून करा. "माझा विमा फुल हाय" असं सांगणाऱ्यांनी पॉलिसी काढून वापराच्या रकान्यात काय लिहिलंय ते एकदा वाचावं.

ट्रॉली उलटते का, हेही समजून घ्या. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ब्रेक लागतो ट्रॅक्टरला आणि ट्रॉली मागून ढकलत राहते. उतारावर, ओल्या रस्त्यावर किंवा मागं घेताना ती हुकावर मुडपते आणि ट्रॅक्टरला आडवं ओढते. माणसं काठाला बसलेली असली की वळणावर सगळा भार एकाच बाजूला जातो. पोती निदान जागेवर राहतात, माणसं मात्र घाबरून एकाच बाजूला धावतात. लहानपणी मीही ट्रॉलीत बसून वऱ्हाडात गेले आहे, तेव्हा मजा वाटायची.

मग दहा बाया आणायच्या कशा? प्रवासी परवाना असलेली जीप किंवा ऑटो ठरवा. तिच्या आरसीवर जेवढी आसन क्षमता, तेवढीच माणसं, आणि त्यात ड्रायव्हरही मोजायचा. बसत नसतील तर दोन फेऱ्या. जादा प्रवाशाला कायद्यात माणशी २०० रुपये दंड आहे. गाडी ठरवतानाच परवाना आणि विम्याची तारीख बघून घ्या, फोटो काढून ठेवा. हे भाडं मजुरीच्या खर्चात आधीच धरा, म्हणजे ऐन सकाळी ट्रॅक्टरची आठवण येणार नाही.

*आता मालाचं.* ट्रॉली डोळ्यानं भरू नका, आरसी बघून भरा. समजा आरसीवर रिकामं वजन १,५०० किलो आणि मालासकट जास्तीत जास्त ६,००० किलो आहे. मग माल ४,५०० किलोच बसतो. वाळलेल्या हळदीचे ५० किलोचे ९० कट्टे. आपण भरतो १२०, म्हणजे दीड टन जादा. कायद्यात यासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत. शिवाय जादा माल आपल्याच खर्चानं उतरवल्याशिवाय गाडी पुढं जात नाही. जागेवर तडजोडीची रक्कम राज्य सरकारच्या दरानं वेगळी असू शकते, पण माल उतरवणं चुकत नाही. काट्यावर न्यायला नकार देऊन पळालात तर ४०,०००.

इथं पिकाचा फरक लक्षात ठेवा. ओली हळद जड असते, वाळून साधारण पाचवा हिस्सा उरते. ओला माल नेताना ट्रॉली काठोकाठ भरायच्या आतच वजन संपतं. सोयाबीनचं काड, तुराट्या, कडबा याचं उलट. त्यांचं वजन होतच नाही, पण माल फाळक्याच्या बाहेर फुगतो. बाजूला, पुढं, मागं कुठंही माल बाहेर आला किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर तोही गुन्हाच, आणि त्यालाही २०,०००. "मागं लाल फडकं बांधलंय" हे आता चालत नाही. मागं बाहेर निघालेले लोखंडी गज, पाईप यांनी रात्री मागून येणारे मोटारसायकलवाले किती मेलेत! पाईप लांब असतील तर लांब गाडी बोलवा, नाहीतर दुकानातच कापून घ्या.

*शेवटी मोटारसायकल.* चालवणारा आणि मागं एक, एवढंच. तोही पक्क्या सीटवर. पोत्यावर बसलेला माणूस सीटवर बसलेला धरत नाहीत. तिसरा बसवला तर कायद्यात १,००० रुपये दंड आणि लायसन तीन महिने बंद. हेल्मेट दोघांनाही, चार वर्षांच्या वरच्या लेकरालाही.

खताचंही वजन मोजा. समजा गाडीच्या पुस्तिकेत १३० किलोची मर्यादा आहे आणि तुम्ही ६५ किलोचे. उरले ६५. युरियाचं एक पोतं ४५ किलो, तेवढं बसतं. डीएपीची दोन पोती १०० किलो, बसत नाहीत. मागं माणूस असला तर एकही नाही. जादा भार मागच्या चाकावर गेला की हँडल हलकं होतं, चढावर पुढचं चाक डगमगतं. असं जाणवलं तर तिथंच थांबा. फवारणीचा भरलेला पंप मागच्याच्या पाठीवर द्यायचा नाही, तोल मागं जातो. रिकामाच न्या, पाणी शेतात भरा. बाया आडव्या बसत असतील तर साडी गार्ड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि धरायला हँडल बसवलेलं असावं. नियमातच आहे.

येत्या शनिवारी संकलन केंद्रावर ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हीची आरसी आणि विम्याची पॉलिसी घेऊन या. कोणत्या ट्रॉलीत किती कट्टे बसतात ते काढून फाळक्याच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून देऊ. ज्यांच्या ट्रॉलीची नोंदणीच नाही त्यांनीही यावं, कागद काय लागतात ते सांगते.

— तुमची कृषी सल्लागार