आधी दुकानदाराचं काय होतं ते लिही

बाबू, हिशोबाच्या सॉफ्टवेअरची जाहिरात लिहायला बसशील तेव्हा आधी कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मार. डावीकडे सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे ते लिही आणि उजवीकडे त्यामुळे दुकानदाराचं काय होतं ते. डावीकडच्या वाक्यात सगळं सॉफ्टवेअर करतं, उजवीकडच्या वाक्यात दुकानदार काहीतरी करतो, एवढी खूण ध्यानात ठेव. "वेळ वाचतो", "धंदा वाढतो" असलं उजवीकडे लिहू नको; ते पंपाच्या जाहिरातीतही चालतं. दुकानदाराच्या वतीनं "मग माझं काय?" असं विचारत जा आणि गल्ला, उधारीची वही किंवा कर सल्लागाराकडची फेरी हाती लागली की थांब.

उधारी भंडाऱ्याच्या हंगामानं मोज. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीची यादी असते: ३० दिवसांची, ६० दिवसांची, ९० दिवसांच्या वरची. कंपनीचा माणूस तुला सांगेल, "जुनी उधारी लाल रंगात दिसते, हे लिहा." पण लाखनी-साकोलीकडच्या किराणा दुकानदाराला त्याचं काय? त्याचं गिऱ्हाईक जुलैमध्ये रोवणीच्या वेळी सामान नेतं आणि धान विकल्यावर पैसे देतं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत रोवणीची सगळीच उधारी ९० दिवसांच्या वर जाते, म्हणजे अख्खी यादी लाल. त्यातून त्याला काहीच कळत नाही.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये गाववार यादी निघत असेल तर खरा फायदा तिथं आहे. मग असं लिही: "धानाचे चुकारे जमा होऊ लागले, की कोणत्या गावात कोणाकडे किती बाकी आहे ते एका कागदावर घेऊन निघा." गाववार यादी हे सॉफ्टवेअरचं वैशिष्ट्य, वही न चाळता वसुलीला निघता येणं हा दुकानदाराचा फायदा.

एकाचा फायदा दुसऱ्याला लागू होईलच असं नाही. तुमसरचा हार्डवेअरवाला घे. त्यानं नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून १ लाखाचे पाइप घेतले आणि त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये जीएसटी दिला. ही रक्कम त्याला स्वतःच्या करातून वजा करता येते, पण व्यापाऱ्यानं ते बिल आपल्या विवरणात दाखवलं तरच. दाखवलं की नाही, हे GSTR-2B मध्ये कळतं. ते महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि दरमहा विवरण भरणाऱ्याला GSTR-3B २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधे मोजके दिवस उरतात.

"GSTR-2B जुळवणीची सोय" ही ओळ डावीकडची. उजवीकडे असं येईल: "कोणत्या व्यापाऱ्यानं तुमचं बिल दाखवलं नाही ते १४ तारखेनंतर लगेच पाहा आणि २० तारखेच्या आत त्याला फोन करा." ते बिल GSTR-2B मध्ये दिसेपर्यंत १८,००० रुपयांची वजावट अडते, आणि फोन राहिला तर आणखी लांबते.

आता हीच ओळ कंपोझिशन योजनेतल्या किराणावाल्यासमोर ठेव. तो करपात्र उलाढालीवर १ टक्का कर भरतो आणि त्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळतच नाही. त्याच्यासाठी या ओळीचा फायदा शून्य. त्याला तिमाहीची उलाढाल एका आकड्यात तयार मिळते, ते सांग. म्हणून लिहिण्याआधी विचार: दुकान नियमित नोंदणीचं, कंपोझिशनचं, की नोंदणीच नसलेलं?

फायद्याची अट लपवू नको. "उधारी वसूल होईल" असं लिहू नको. सॉफ्टवेअर यादी देतं, वसुली दुकानदारच करतो. यादीही उधारीची नोंद त्याच दिवशी झाली असेल तरच खरी. "जीएसटीची चिंता मिटली" हेही नको. विवरण शेवटी त्याला किंवा त्याच्या सल्लागारालाच दाखल करावं लागतं. "सल्लागाराला बिलांची पिशवी न देता तयार फाइल द्या," एवढं लिही. ते खरं आहे आणि पुरेसंही.

डावी बाजू फेकू नको. फायदा वाचून दुकानदार विचारतो, "हे होतं कसं?" त्याचं उत्तर डावीकडे असतं. म्हणून पहिली ओळ फायद्याची आणि तिच्याखाली बारीक अक्षरात वैशिष्ट्य. नुसता फायदा लिहिला तर थापा वाटतात, नुसतं वैशिष्ट्य लिहिलं तर यादी होते.

मजकूर छापायला देण्याआधी एका दुकानदाराला त्याच्या गल्ल्यापाशी उभं राहून वाचून दाखव. त्यानं "म्हणजे काय?" विचारलं, तर ती ओळ अजून डावीकडचीच आहे. "केवढ्याला आहे?" विचारलं, तर खुशाल छाप.